कापूस सुकतो, हिशेब का सुकावा?

आदिलाबादच्या जिनिंगमध्ये हंगाम उतरणीला लागला की एक वाक्य हमखास ऐकू येते. गंजीतला कापूस वहीपेक्षा कमी भरतो, मालक विचारतो, आणि व्यवस्थापक म्हणतो, "शेठ, कापूस आहे. सुकणारच." इतके बोलून चर्चा संपते. मुनीम संगणकावर एक नोंद टाकतो, वहीतला आकडा जमिनीवरच्या मालाशी जुळतो आणि सगळे चहाला जातात.

या वाक्यावर हल्ली एक अख्खा युक्तिवाद उभा केला जातो. साठ्यातली तूट खात्यातून काढायची तर कोणी किती रकमेपर्यंत सही करायची याची मर्यादा असावी, प्रत्येक घटीमागे कागद असावा, असे कोणी सुचवले की उत्तर तयार असते. ते साधारण असे : हे नियम कारखान्यांसाठी ठीक आहेत, तिथे नट-बोल्ट मोजता येतात. कापूस हा हवेचा माल. त्याची घट निसर्गाची, तिला मंजुरी कसली? शिवाय हंगामात दारात गाड्यांची रांग असते, तेव्हा कागद रंगवायला वेळ कोणाला? आणि शेवटी माणसावर विश्वास नसेल तर धंदा करू नये.

व्यापारी, मालक आणि काही हिशेबनीस मंडळींकडून मी हे वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे. पैनगंगेच्या अलीकडे आणि पलीकडे, बेला-जैनथपासून पांढरकवड्यापर्यंत, शब्दसुद्धा फारसे बदलत नाहीत. यातला पहिला भाग अर्धा खरा आहे, म्हणून तो आधी घेतो.

कापूस सुकतो हे कोणी नाकारत नाही. पण तो किती सुकतो, हे मोजता येत नाही असे म्हणणारा माणूस त्याच जिनिंगच्या फाटकावर काय करतो ते पाहा. दर वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात आदिलाबादच्या मार्केट यार्डात खरेदी सुरू होते आणि ओलाव्यावरून शेतकऱ्यांची वादावादी ठरलेली असते. कापूस महामंडळाचा नियम सगळ्यांना तोंडपाठ आहे. ८ टक्के ओलाव्याला पूर्ण हमीभाव, त्यावर दर टक्क्याला भावात एक टक्का कपात, आणि १२ टक्क्यांच्या वर गेला तर माल परत. गाडीच्या चार कोपऱ्यांतून कापूस ओढून त्यात मीटरचे टोक खुपसले जाते आणि दशांशापर्यंत आकडा वाचला जातो. शेतकऱ्याने "साहेब, रात्रीचं दव होतं" म्हटले तर कोणी ऐकत नाही. फाटकावर दशांशापर्यंत मोजता येणारा ओलावा पन्नास पावलांवरच्या गंजीत गेल्यावर एकदम निसर्गाची अगम्य लीला होतो, हे मला पटत नाही.

आणि मोजणी अवघडही नाही. ओलाव्याची टक्केवारी म्हणजे एकूण वजनातले पाणी. कापसातला कोरडा भाग बदलत नाही, उडते ते पाणी. म्हणून १२ टक्के ओलाव्याचा १०० क्विंटल कापूस ८ टक्क्यांवर आला तर त्यातले ८८ क्विंटल कोरडे द्रव्य तसेच राहते, आणि नवे वजन ८८ भागिले ०.९२, म्हणजे ९५.६५ क्विंटल होते. घट ४.३५ क्विंटल. चार टक्के ओलावा उतरला म्हणून चार क्विंटल, असा तोंडी हिशेब करणाऱ्यापेक्षा ती थोडी जास्त आहे, म्हणजे या सूत्राने व्यवस्थापकावर अन्यायही होत नाही. पण ती सहा किंवा आठ क्विंटल होऊ शकत नाही. त्यापुढे जे कमी पडते त्याला दुसरे काहीतरी कारण आहे.

आता पैशाकडे या, कारण तिथे हा युक्तिवाद आणखी उघडा पडतो. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये होता. १२ टक्के ओलाव्याच्या मालाला चार टक्के कापून ७,७८५ रुपये ६० पैसे मिळाले. हा एक क्विंटल सुकून ०.९५६५ क्विंटल झाला की सुक्या मालाचा क्विंटलमागे खर्च सुमारे ८,१४० रुपये पडतो. पूर्ण भावाच्या सुक्या कापसापेक्षा फक्त तीस रुपये जास्त. म्हणजे ओलाव्याची घट शेतकऱ्याने भावकपातीतून आधीच भरून दिलेली आहे. खाजगी खरेदीत कपात घासाघिशीने ठरते, पण ती होतेच, आणि पुष्कळदा जास्त होते. तेव्हा हंगामअखेर नफ्यातोट्याच्या पत्रकात "ओलाव्यामुळे लाखोंचा तोटा" दिसला तर मालकाने विचारायला हवे की ज्या पाण्याचे पैसे आपण दिलेच नाहीत, त्या पाण्याने आपले पैसे कसे बुडाले? वजन घटले हे बरोबर. पण त्याबरोबर एवढी रक्कम घटली असेल, तर ती पाण्याबरोबर गेलेली नाही.

माझे म्हणणे एवढ्यावरच उभे आहे : घट म्हणजे कोणीतरी केलेला दावा असतो, आणि तो ज्या पुराव्यावर तपासायचा तो पुरावा तूट उघडकीला येण्याआधी तयार झालेला असला पाहिजे. खरेदीच्या वेळी काटापावतीवर लिहिलेला ओलावा हा असा पुरावा आहे, कारण तो लिहिणाऱ्याला पुढे किती कमी पडणार हे माहीत नव्हते. तूट दिसल्यावर लिहिलेले "माल फार ओला होता" हे वाक्य पुरावा नाही, मग त्याखाली कितीही सह्या असोत.

एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवतो. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत, पण त्यातली प्रत्येक युक्ती या भागात वापरली जाते.

एका गंजीत २,००० क्विंटल कापूस पडला. काटापावत्यांवरचा सरासरी ओलावा ११ टक्के. महिन्याभराने गंजी फोडून जिनला दिली तेव्हा ओलावा ८ टक्के. सूत्राने अपेक्षित वजन १,९३५ क्विंटल, म्हणजे घट ६५. वहीत मात्र ओलावा-घट १३० क्विंटल लिहिलेली. ८,००० च्या भावाने ती १० लाख ४० हजारांची झाली. या जिनिंगमध्ये मर्यादा नव्हती असे नाही. व्यवस्थापकाला एका नोंदीस दीड लाखापर्यंत स्वतःच्या सहीने घट मांडायचा अधिकार होता, त्यावर मालकाची सही. आणि वहीत दर तीन-चार दिवसांनी एक, अशा आठ नोंदी होत्या, प्रत्येकी सव्वासोळा क्विंटलच्या. एक नोंद १ लाख ३० हजारांची. मर्यादा कुठेच ओलांडली नाही. मालकाने एकही कागद पाहिला नाही, कारण नियमानुसार त्याच्याकडे कागद यायचाच नव्हता.

म्हणून नोंदीवर लावलेली मर्यादा निरुपयोगी असते. ती चोराला फक्त तुकडे किती मोठे करायचे ते सांगते. मर्यादा लावायची तर एका मालावर, एका महिन्यात, सगळ्या कारणांची बेरीज करून लावावी. महिन्याची बेरीज ठरलेल्या आकड्याला टेकली की पुढची एक क्विंटलची नोंदसुद्धा मालकाकडे जावी. कारणे एकत्र धरणेही महत्त्वाचे, नाहीतर ओलाव्याचा डबा भरला की "कचरा", मग "उंदीर", मग "काट्यातला फरक" अशी नवी नावे निघतात.

आता या गंजीची पुढची गोष्ट. मालकाला शंका आली आणि त्याने रुईचा उतारा तपासला. जिनला गेले १,८७० क्विंटल, रुई निघाली ६३६ क्विंटल, उतारा ३४ टक्के. सरकी ६४ टक्के, कचरा आणि उडालेली धूळ दोन टक्के. सगळे जिथल्या तिथे. "बघा, उतारा चोख आहे," असे व्यवस्थापक म्हणाला आणि ते खरेही होते. अडचण अशी की उतारा जिनला दिलेल्या वजनावर काढला होता, आणि जे वजन जिनपर्यंत पोचलेच नाही ते या भागाकारात येतच नाही. हाच उतारा खरेदीच्या सुक्या वजनावर, म्हणजे १,९३५ वर काढला असता तर ३८७ गाठी निघायला हव्या होत्या. निघाल्या ३७४. तेरा गाठींचा कापूस कमी होता.

तो कुठे गेला हेही हाच हिशेब सांगतो, आणि इथे जिनिंगचा माल इतर कुठल्याही मालापेक्षा सोयीचा आहे. एका कापसातून रुई आणि सरकी ठरावीक प्रमाणात एकत्रच निघतात. रुई चोरीला गेली तर सरकी पूर्ण भरते आणि रुई कमी पडते. सरकी गेली तर उलट. दोन्ही एकाच प्रमाणात कमी पडल्या, जसे इथे झाले, तर तूट जिनच्या आधीची आहे : एक तर गंजीतून कापूस गेला, किंवा तो आलाच नव्हता.

शेवटची शक्यता लोकांच्या लक्षात येत नाही. तूट गोदामात दिसते म्हणून सगळे गोदामाकडे बघतात, रखवालदाराला झापतात, कुंपण वाढवतात. या उदाहरणात तूट काट्यावर जन्मली होती. गाडी भरलेली मोजतात, मग रिकामी मोजतात, आणि फरक तो माल. त्याच गाडीचे रिकामे वजन बाकीच्या दिवशी जे भरते त्यापेक्षा काही पावत्यांवर दोन क्विंटल कमी लिहिले, तर तेवढा कापूस कागदावर वाढतो, त्याचे पैसे दिले जातात आणि कोणीतरी ते वाटून घेते. अशा बत्तीस फेऱ्या झाल्या की ६४ क्विंटल होतात. हा कापूस कधीच अस्तित्वात नव्हता, म्हणून तो चोरताना कोणी सापडणार नाही. त्याला फक्त एका गोष्टीची गरज असते : हंगामअखेर त्याला वहीतून बाहेर काढणारी एक निरुपद्रवी नोंद. "ओलावा-घट" ती सोय करून देते. दुरुस्तीची नोंद चोरीनंतरची शेवटची पायरी असते, आणि ती पायरी इतकी सोपी ठेवली म्हणून आधीच्या पायऱ्या परवडतात.

हे ओळखायला फार हुशारी लागत नाही. गाडीच्या नंबरावरून काटापावत्या लावायच्या आणि रिकामे वजन एका रांगेत वाचायचे. डिझेल, चालकासोबतचा माणूस, ताडपत्री यांनी पन्नास-साठ किलोंचा फरक पडतो. दोन क्विंटलचा पडत नाही. पण या पावत्या कोणी काढून पाहणार कधी? घटीच्या नोंदीला त्या जोडल्याशिवाय सही होणार नाही असा नियम असेल तेव्हाच. कागदाचा आग्रह धरायचा तो या कागदाचा. छापील फॉर्मवर "कारण : नैसर्गिक" असे लिहून घेण्याने काही साधत नाही. घटीच्या नोंदीसोबत त्या गंजीच्या सगळ्या पावत्यांची यादी, खरेदीचा सरासरी ओलावा, गंजी फोडतानाचा ओलावा, सूत्राने आलेली घट आणि प्रत्यक्षातली घट एवढ्या पाच गोष्टी एका पानावर असाव्यात. सूत्राइतकी घट कोणत्याही सहीशिवाय मांडली तरी चालेल. मंजुरी लागते ती वरच्या फरकाला. आणि तो फरक "ओलावा" या नावाखाली जाऊ नये. त्याचे कारण सापडेपर्यंत तो "अज्ञात तूट" या वेगळ्या खात्यात उघडा पडून राहावा, म्हणजे मालक महिन्याचे पत्रक उघडेल तेव्हा तो डोळ्यांत खुपेल.

इथे संगणकाविषयी दोन शब्द, कारण "आमचं सगळं टॅलीवर आहे" हे उत्तर मला फार वेळा मिळते. टॅलीत साठा जुळवायला `Physical Stock` नावाचे व्हाउचर असते. त्यात मोजलेला आकडा टाकला की त्या तारखेपासून वहीतला साठा तेवढा होतो. सोयीचे आहे. पण या व्हाउचरने कुठल्याही तोट्याच्या खात्यात रक्कम जात नाही. अखेरचा साठा कमी होतो, त्यामुळे ढोबळ नफा तेवढा खाली येतो, आणि तूट वापरलेल्या मालात विरघळून जाते. वर्षाच्या पत्रकात "साठ्यातला तोटा" अशी ओळच नसते. घट दिसावी असे वाटत असेल तर ती `Stock Journal` ने कारणासह वेगळी काढावी आणि रकमेची नोंद तोट्याच्या खात्याला करावी, आणि `Physical Stock` वापरायचा अधिकार मुनीमाच्या लॉगिनमधून काढून टाकावा. कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून कोणती नोंद कोणी, केव्हा बदलली याचा माग ठेवणारे सॉफ्टवेअर वापरणे सक्तीचे आहे. आपल्याकडच्या पुष्कळ जिनिंग भागीदारीत आहेत, त्यांना ही सक्ती नाही. म्हणून तो माग चालू ठेवू नये असे थोडेच आहे?

दुसरा आक्षेप वेळेचा. हंगामात दारात गाड्या उभ्या असताना सह्या कोण घेत बसणार? हा आक्षेप ऐकायला व्यवहारी वाटतो, पण तो दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करतो. गाडी खाली करायला, गंजी लावायला, जिन चालवायला घटीच्या मंजुरीची गरजच नाही. मंजुरी लागते वहीतला आकडा बदलायला, आणि वही आठ दिवस थांबली म्हणून एकही गाडी थांबत नाही. हंगामात घाई असते ती ओलावा लिहायची, काटापावती फाडायची, आणि ते काम तसेही भाव ठरवण्यासाठी होतच असते. शेतकऱ्याच्या भावातून कापायला जो आकडा आपण लिहितो, तोच गंजीच्या पानावर चढवायचा. यात वाढलेले काम किती?

जिथे खरोखर घाई असते ती जागा वेगळी आहे : अवकाळी पावसात भिजलेला माल. तो पसरावा लागतो, कुजू लागलेला बाजूला काढावा लागतो, मालकाच्या सहीची वाट बघता येत नाही. मान्य. पण नेमकी हीच जागा गैरवापराची. शंभर क्विंटल "भिजून वाया गेला" म्हणून वहीतून काढतात, आणि तोच कापूस कवडीच्या भावाने, पावतीशिवाय, ओळखीच्या गाडीत भरला जातो. इथे मंजुरी नंतर घेतली तरी चालेल, पण तीन गोष्टी त्याच दिवशी व्हायला हव्यात : बाजूला काढलेल्या मालाचे काट्यावर वजन, त्याचे दिनांकासह फोटो, आणि गोदामाशी संबंध नसलेल्या एका माणसाची सही. भिजलेला कापूस विकला गेला तर त्याची विक्रीची काटापावती घटीच्या नोंदीला जोडली गेली पाहिजे, आणि फेकला असेल तर कुठे फेकला ते लिहिले गेले पाहिजे. वाया गेलेल्या मालालाही वजन असते.

तिसरा आक्षेप कायद्याचे बोट धरून येतो. "दहा टक्क्यांपर्यंत फरक चालतो, ऑडिटरच सांगतात." असे कोणताही नियम म्हणत नाही. कंपन्यांच्या लेखापरीक्षकांसाठीच्या २०२० च्या आदेशात, मालाच्या एखाद्या वर्गात प्रत्यक्ष मोजणीत दहा टक्के किंवा अधिक तफावत आढळली का आणि ती वहीत नीट घेतली का, हे अहवालात सांगावे असे कलम आहे. ती अहवालात लिहायची पातळी झाली. तिच्याखालची तूट माफ, असा अर्थ त्यातून निघत नाही. ५० कोटींचा कापूस फिरवणाऱ्या जिनिंगला साडेनऊ टक्के म्हणजे पावणेपाच कोटी. एवढी रक्कम "चालते" असे मालकाला त्याच्याच माणसाने सांगावे आणि त्याने मान डोलवावी याचे मला नवल वाटते.

कायद्याचा खरा धाक दुसरीकडे आहे आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. शेतकऱ्याकडून घेतलेल्या कच्च्या कापसावर जिनिंगवाल्याला उलट आकारणीने जीएसटी भरावा लागतो आणि त्याचे क्रेडिट मिळते. पण जीएसटी कायद्याच्या कलम १७(५)(ह) प्रमाणे हरवलेल्या, चोरीला गेलेल्या, नष्ट झालेल्या किंवा खात्यातून काढून टाकलेल्या मालाचे क्रेडिट मिळत नाही, आणि नियम ५६ अशा मालाचा हिशेब ठेवायला सांगतो. प्रक्रियेत अपरिहार्यपणे होणारी घट मात्र यात धरायची नाही, असे मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये एका पोलाद कंपनीच्या प्रकरणात सांगितले. म्हणजे घटीला कोणते नाव द्यायचे यावर कर अवलंबून आहे. सगळी तूट "नैसर्गिक घट" म्हणून लिहिणाऱ्याच्या हातात ती नैसर्गिक होती हे दाखवणारा कागद नसेल, तर उद्या अधिकारी सगळ्याच घटीला हरवलेला माल म्हणेल आणि खरी घटही मारली जाईल. कागद ठेवण्यात प्रामाणिक मालकाचाच फायदा आहे तो असा.

आता विश्वासाचे. "माझा माणूस तीस वर्षांचा आहे." असेल. नियमांचा रोख त्याच्या नियतीवर नाही, तो दोन खुर्च्या एकाच माणसाला देण्यावर आहे. माल ज्याच्या ताब्यात, वही ज्याच्या हातात आणि घट मंजूर करणारा, हे तिघे वेगळे असावेत. सरकारी कार्यालयांच्या वित्तीय नियमांतही साठ्याच्या पडताळणीचा निष्कर्ष साठावहीतच लिहावा आणि तूट, नुकसान लगेच सक्षम अधिकाऱ्याच्या कानावर घालावे, असे आहे. हिशेबात प्रत्यक्ष फेरफार करायचा नसला तरी तोट्याला रीतसर मंजुरी घ्यावी, असेही आहे. सरकारी गोदामांत ते नेहमी पाळले जाते असे मी म्हणणार नाही, हसतील लोक. पण नियम लिहिणाऱ्याला धोका कुठे आहे ते कळले होते.

लहान जिनिंगमध्ये तीन वेगळी माणसे कुठून आणायची, हा प्रश्न मात्र रास्त आहे. तिथे एकच गोष्ट करावी, आणि ती फुकट आहे. मोजणी करणाऱ्याला वहीतला आकडा सांगू नये. गोदामवाल्याच्या हातात वहीची प्रत असली की तो गाठी मोजत नाही, वहीतला आकडा जमिनीवर शोधतो. कोऱ्या कागदावर मोजायला लावावे, तो कागद थेट मालकाकडे यावा, मग मालकाने वही उघडावी. आणि मोजणीचा दिवस आधी कळवू नये. अमेरिकेत फार-मोर नावाच्या औषधदुकानांच्या साखळीने दुकानांतल्या साठ्याचे आकडे फुगवून तोटा दडवला होता, ते १९९२ मध्ये फुटले. तिथले लेखापरीक्षक तीनशेच्या घरातल्या दुकानांपैकी चारच ठिकाणी मोजणीला जात, आणि कोणत्या ते कंपनीला आधी कळवत. त्या दुकानांतला साठा अर्थातच बरोबर निघे.

गाठींच्या बाबतीत तर कोणतीच सबब चालू नये. दाबलेल्या प्रत्येक गाठीला नंबर असतो आणि वजन असते, साधारण १७० किलो. गाठ हवेतल्या ओलाव्याने किलो-दोन किलो कमीजास्त होईल, पण अख्खी गाठ कधी सुकून नाहीशी होत नाही. तरीही मी "गाठी-घट ५१० किलो" अशा नोंदी पाहिल्या आहेत. ५१० किलो म्हणजे तीन गाठी. त्यांचे नंबर कोणते, हे विचारले की शांतता. गाठींची दुरुस्ती किलोत मांडायला बंदी असावी. ती नंबरातच मांडावी, आणि एका गाठीपासून मालकाची सही लागावी.

उलट बाजूचीही नोंद पाहायला हवी. रुई ओलावा सोडते तशी घेतेही. उन्हाळ्यात दाबलेली गाठ पावसाळ्यात पडून राहिली तर तिचे वजन वाढते. म्हणून प्रामाणिक वहीत घटीबरोबर कधीतरी वाढही दिसते. ज्या वहीत वर्षानुवर्षे फक्त घट आहे, तिथे वाढलेले वजन कोणीतरी उचलून नेले आहे किंवा पुढच्या चोरीसाठी राखून ठेवले आहे. आणि वाढ दिसली तर ती घटीतून वजा करून निव्वळ आकडा मांडू नये. एका गंजीत ४० क्विंटल कमी आणि दुसऱ्या गंजीत ३५ जास्त भरला, तर वहीत "५ क्विंटल घट" दिसते आणि पंचाहत्तर क्विंटलचा गोंधळ पाच क्विंटलच्या आड लपतो. मर्यादा मोजताना दोन्ही आकडे जोडावेत, वजा करू नयेत. वाढीच्या नोंदीलाही घटीइतकीच मंजुरी लागावी, कारण आज उगाच वाढवलेला साठा म्हणजे उद्या बँकेला दाखवायचा साठा. बँकेचे कर्ज साठापत्रकावर उभे असते. पत्रकात माल आहे आणि गोदामात नाही हे उघड झाले की प्रश्न घटीचा राहत नाही, फसवणुकीचा होतो, आणि तेव्हा सही व्यवस्थापकाची नसते, मालकाची असते.

एवढे करूनही काही सुटते. काट्यावरचा, मीटरवरचा आणि गंजीवरचा, तिघे एक झाले तर खरेदीचा ओलावाच फुगवून लिहितील, आणि सूत्र त्यांच्या बाजूने उत्तर देईल. यावर एक पडताळा आहे : ज्याच्या पावतीवर १२ टक्के लिहिले त्याला पैसे किती टक्के कापून दिले? ओलावा बारा आणि भाव आठचा असेल, तर दोन्हींतला एक खोटा आहे. महामंडळाच्या खरेदीत ही सांगड आपोआप बसते. खाजगी खरेदीत ती मालकाला स्वतः घालावी लागेल, आणि घासाघिशीच्या भावात ती नेहमी स्वच्छ दिसणार नाही.

राहिली आग. जिनिंगमध्ये ती लागतेच, कापसात आलेला एखादा खडा किंवा लोखंडाचा तुकडा जिनमध्ये ठिणगी टाकायला पुरतो. आगीनंतर जळालेला कापूस मोजता येत नाही, म्हणून हंगामभराची तूट एका रात्रीत आगीच्या खात्यावर टाकण्याचा मोह सगळ्यात मोठा असतो. विम्याचा सर्व्हेअर येतो तेव्हा तो राख बघतो आणि मग आदल्या संध्याकाळचा गंजीनिहाय साठा मागतो. तो आगीनंतर लिहिलेला असेल तर त्याला कळते. म्हणून रोज संध्याकाळी गंजीच्या पानांचा फोटो मालकाच्या फोनवर जावा, जिनिंगच्या आवाराबाहेर. एका फोटोला मिनिटभर लागते, आणि हंगामातली घाई सांगणाऱ्या व्यवस्थापकाकडेही तेवढा वेळ असतो.